नफा तोच राहत नाही: स्टँडर्ड, अ‍ॅव्हरेज आणि फिफोचा खरा हिशेब

«ईआरपीमध्ये स्टँडर्ड, अ‍ॅव्हरेज, फिफो, काहीही लावा, शेवटी नफा तोच येतो. स्टँडर्ड सगळ्यात सोपं. व्हेरियन्स खर्चात टाकला की हिशेब स्वच्छ. अ‍ॅव्हरेज तर सिस्टीम आपोआप बरोबर ठेवते. नाहीच पटलं तर पुढच्या वर्षी पद्धत बदला.»

ईआरपी, म्हणजे कंपनीचे व्यवहार आणि हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यात साठ्याची किंमत कोणत्या पद्धतीने लावायची याबद्दलचं हे पाच वाक्यांत बरंच काही दडवणारं विधान आहे आणि ते वाचून लोक खरोखर सेटिंग निवडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात आकड्यांनी करू. एका मालाची पहिली खरेदी १०० नग, दर १००. दुसरी खरेदी १०० नग, दर १३०. एकूण खरेदी २३,०००. त्यानंतर वर्षात १२० नग २०० दराने विकले, म्हणजे विक्री २४,०००. वर्षअखेर ८० नग शिल्लक.

फिफोत आधी आलेला माल आधी गेला असं धरतात. विकलेल्या मालाची किंमत १०० नगांचे १०,००० अधिक २० नगांचे २,६००, म्हणजे १२,६००. नफा ११,४००, शिल्लक साठा १०,४००. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजमध्ये प्रत्येक खरेदीनंतर सरासरी दर नव्याने निघतो, तो दुसऱ्या खरेदीनंतर ११५ होतो. खर्च १३,८००, नफा १०,२००, साठा ९,२००. आता स्टँडर्ड. वर्षाच्या सुरुवातीला दर १०० ठरवलेला असेल तर दुसरी खरेदी साठ्यात १०,००० नेच चढते आणि उरलेले ३,००० खरेदी दरातल्या फरकाच्या, म्हणजे परचेस प्राइस व्हेरियन्सच्या खात्यात जातात. ते सगळे खर्चात टाकले की खर्च १५,०००, नफा ९,०००, साठा ८,०००.

माल तोच, बिलं तीच, ग्राहकही तेच. तरीही नफा ११,४००, १०,२०० किंवा ९,०००.

नफा शेवटी तोच येतो या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, तो मान्य करायलाच हवा. पुढच्या वर्षी एकही खरेदी न करता उरलेले ८० नग २०० ने विकले, तर त्या वर्षीचा नफा अनुक्रमे ५,६००, ६,८०० आणि ८,००० येतो आणि दोन वर्षांची बेरीज तिन्हीकडे १७,००० होते. पण ही बेरीज जुळते ती साठा शून्यावर आला म्हणून. चालू धंद्यात साठा शून्यावर येत नाही. दर चढत राहिले तर फरक दरवर्षी नव्या साठ्यात अडकत पुढे जातो, आणि दरम्यान कर, बोनस, लाभांश, बँकेच्या अटी हे सगळं त्या त्या वर्षाच्या नफ्यावर ठरून गेलेलं असतं.

स्टँडर्डच्या बाबतीतली चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून तिथे थोडं थांबतो. वरच्याच उदाहरणात व्यवस्थापनाच्या मार्जिन रिपोर्टमध्ये विक्री २४,००० वजा स्टँडर्ड खर्च १२,०००, म्हणजे मार्जिन १२,००० दिसतं. तिन्ही पद्धतींत सर्वांत जास्त! व्हेरियन्स खालच्या ओळीत जोडल्यावर तोच आकडा ९,००० होतो, तिन्हींत सर्वांत कमी. विक्री विभाग पहिला आकडा बघून सवलती देतो आणि वित्त विभाग दुसरा बघून डोक्याला हात लावतो.

सगळा व्हेरियन्स खर्चात टाकायचा हे मुळात बरोबरच नाही. ते ३,००० दोनशे नगांच्या खरेदीतून आले आणि त्यातले ८० नग अजून गोदामात आहेत. संख्येच्या प्रमाणात वाटले तर विकलेल्या १२० नगांच्या वाट्याला १,८०० येतात आणि १,२०० साठ्यात जातात. मग खर्च १३,८०० आणि साठा ९,२००, म्हणजे थेट अ‍ॅव्हरेजचा आकडा. साठ्याबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ स्टँडर्ड कॉस्टला परवानगी देतं ती याच अटीवर, की येणारा आकडा प्रत्यक्ष किमतीच्या जवळ असला पाहिजे आणि स्टँडर्ड वेळोवेळी तपासलं गेलं पाहिजे. असाधारण नासाडीचा खर्च मात्र साठ्यात चढवायचा नाही, तो त्याच वर्षी खर्चात जातो. वाटप सरसकट करायचं नसतं ते यासाठी.

उलट बाजू याहून वाईट आहे. स्टँडर्ड १२० ठेवलं आणि १०० नग १०० दराने घेतले, तर साठा १२,००० ने चढतो आणि २,००० व्हेरियन्सच्या जमा बाजूला बसतात. ते नफ्यात नेले तर एकही नग न विकता, फक्त खरेदी करून नफा झाला! हे घडतंय का ते ओळखायला दोन गोष्टी पुरतात. वर्षअखेर व्हेरियन्स खात्याची शिल्लक त्या वर्षाच्या खरेदीच्या किती टक्के आहे ते पाहा, आणि मोठ्या किमतीच्या मालाचं स्टँडर्ड शेवटच्या काही बिलांच्या दराशी ताडून पाहा. माल झपाट्याने फिरत असेल तर साठ्यात अडकणारा भाग लहान असतो. सहा-सहा महिने पडून राहणाऱ्या मालात तो मोठा होतो.

आता सिस्टीम आपोआप बरोबर ठेवते यावर. सिस्टीम गणित बरोबर करते, पण तिला कळलेल्या आकड्यांवर आणि कळलेल्या क्रमाने. समजा दुसऱ्या खरेदीची आवक पर्चेस ऑर्डरच्या १३० दराने नोंदली, १२० नग विकले गेले आणि मग बिल आलं १४० चं. फरक १,०००. गोदामात उरलेत ८० नग. एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये मूव्हिंग अ‍ॅव्हरेज असेल तर साठ्यात जेवढे नग आहेत तेवढ्यांचाच फरक, म्हणजे ८००, साठ्यावर चढतो. उरलेले २०० दरफरकाच्या खात्यात जातात. साठा १०,००० झाला, दर १२५. बिल वेळेवर आलं असतं तर दर १२० आणि साठा ९,६०० असता. म्हणजे ४०० ने साठा फुगला आणि तेवढाच नफाही. माल येण्याआधीच विक्री नोंदवून साठा उणे जाऊ दिला तर गोंधळ आणखी वाढतो, कारण जावक जुन्या दराने होऊन गेलेली असते. एखाद्या मालाचा दर अचानक बिलांतल्या कुठल्याच दराशी जुळेनासा झाला, तर कारण बहुधा या दोहोंपैकी एक असतं. महिना बंद करण्याआधी आवक झालेल्या पण बिल न आलेल्या नोंदी तपासणं हा त्यावरचा साधा उपाय.

पद्धत बदलण्याबद्दल: फिफोवरून अ‍ॅव्हरेजवर जाणं हा लेखांकन धोरणातला बदल आहे. आयएएस ८ नुसार त्यासाठी सबळ कारण लागतं आणि मागच्या वर्षाचे तुलनात्मक आकडेही नव्या पद्धतीने मांडावे लागतात. शिवाय सेटिंग बदलल्याने जुना आकडा सुधारत नाही. एसएपीमध्ये स्टँडर्डवरून मूव्हिंग अ‍ॅव्हरेजवर गेलात तर चालू स्टँडर्ड हाच पहिला अ‍ॅव्हरेज दर बनतो. आपले ८० नग १०० दरानेच, ८,००० ने पुढे जातात. त्यांची किंमत ९,२०० वर आणणारी १,२०० ची नोंद कुणीतरी हाताने करावी लागते, आणि ती चालू वर्षाच्या नफ्यात न जाता सुरुवातीच्या राखीव नफ्यात जाते.