कोहेन-सदरलँड क्लिपिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख उगाच पसरट झालाय. दोन्ही टोकांच्या कोडचा अँड शून्य आला म्हणजे रेषा खिडकीतून जाते, हे उघड आहे. मग प्रत्येक टोक आपापल्या कडेवर एकदाच छाटायचं आणि रेषा काढायची. लूप आणि पुन्हा पुन्हा कोड काढणं कशाला? शिवाय आता लिआंग-बार्स्की सोडून हे वापरतं कोण? कॉलेजच्या नोट्स उतरवण्याआधी थोडा विचार करायचा.»

नमस्कार. आधी शेवटच्या वाक्याबद्दल. ग्राफिक्सच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं मुलांचे प्रोग्रॅम तपासले आहेत आणि लेखातली प्रत्येक पायरी त्या तपासण्यातून आली आहे. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण माणसाने विचारच केला नाही असं लिहायचं असेल, तर निदान आपलं म्हणणं कागदावर एकदा करून बघावं. तुम्ही ते केलेलं दिसत नाही, कारण ज्याला तुम्ही ‘उघड’ म्हणता ते चूक आहे.

खिडकी घ्या: x १० ते ५०, y १० ते ४०, आणि y वरच्या दिशेने वाढतो. कोडचे चार बिट डावीकडून वर, खाली, उजवी, डावी असे. रेषाखंड (०, ३०) पासून (२०, ६०) पर्यंत. पहिलं टोक डाव्या कडेच्या बाहेर, कोड ०००१. दुसरं वरच्या कडेच्या वर, कोड १०००. अँड शून्य.

आता तुमची पद्धत. चढ १.५ आहे. पहिलं टोक x = १० वर आणलं की (१०, ४५) मिळतं. दुसरं y = ४० वर आणलं की x येतो साधारण ६.६७. म्हणजे तुम्ही (१०, ४५) ते (६.६७, ४०) अशी रेषा काढणार. एक टोक खिडकीच्या वर, दुसरं खिडकीच्या डावीकडे! मूळ रेषा खिडकीला शिवतही नाही, ती डाव्या-वरच्या कोपऱ्याबाहेरून निघून जाते.

लूप इथेच लागतो. (१०, ४५) चा कोड नव्याने काढला की १००० येतो. दुसऱ्या टोकाचाही १०००. अँड आता शून्य नाही, रेषा सोडून द्यायची. दुसरं टोक छाटायची वेळच येत नाही.

आता दुसरं टोक (४०, ५०) करा. कोड तेच: ०००१ आणि १०००. पण चढ ०.५, म्हणून डाव्या कडेवर (१०, ३५) मिळतो आणि त्याचा कोड ००००. मग वरच्या कडेवर (२०, ४०). दोन्ही कोड शून्य, दिसणारा तुकडा सापडला. कोडची जोडी सारखीच असून एक रेषा दिसते आणि एक दिसत नाही. मग त्या अँडवरून ‘रेषा खिडकीतून जाते’ हे तुम्ही कसं ठरवणार? अँड शून्य नसेल तर रेषा नक्की बाहेर, एवढंच तो सांगतो. शून्य आला तर अजून काहीच ठरलेलं नाही.

टोक कोपऱ्याच्या भागात असेल, समजा १००१, तर त्या एकाच टोकाला दोनदा छाटावं लागू शकतं. तुमच्या ‘एकदाच’मध्ये तेही बसत नाही.

मुलांच्या प्रोग्रॅममध्ये याच जागी आणखी एक चूक सापडायची. ती लिहितो, कारण लूप बरोबर असूनही ती फसवते. चढ आधी पूर्णांकात काढला, तर पहिल्या उदाहरणात ३० भागिले २० चं उत्तर १ होतं. मग (१०, ४५) ऐवजी (१०, ४०) मिळतो, तो कडेवरच असल्याने कोड ००००, आणि जी रेषा दिसायलाच नको तिचा कोपऱ्यात एक ठिपका उमटतो. कोपऱ्यांवर असे सुटे ठिपके दिसले की आधी हा भागाकार तपासा. आधी गुणा, मग भागा:

```
y = y1 + (y2 - y1) * (xmin - x1) / (x2 - x1)
```

लिआंग-बार्स्कीत छेदबिंदूंचं गणित कमी होतं, हे मान्य. पण ती पद्धत १९८४ ची आहे म्हणून आधीची निरुपयोगी ठरत नाही. बहुतेक रेषा पूर्ण आत किंवा एकाच कडेच्या पूर्ण बाहेर असतील, तर कोहेन-सदरलँड एकही भागाकार न करता त्यांचा निकाल लावते. लेख त्या पद्धतीवर होता, तुलनेवर नव्हता.

लेख पसरट वाटला, तर वाटो. लूपची पायरी मी काढणार नाही. तुमच्याकडे (०, ३०) आणि (२०, ६०) वर बरोबर चालणारी, एकदाच छाटणारी पद्धत असेल तर आकड्यांसह इथेच लिहा, मी प्रत्येक ओळ तपासून उत्तर देईन.