ओली फरशी आणि आभार

नडगीचे हाड मोडल्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे, मी तासगाव तालुक्यातील सासुरवाडीत राहिलो. पुण्यातील आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, एवढेच त्याचे कारण. जावई चार दिवस शोभतो हे मलाही कळते. त्यातून हा ऐन बेदाण्याचा हंगाम. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून शेडमधील जाळ्यांवर पसरली की वाळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, आणि त्या काळात आभाळ नुसते भरून आले तरी घरात कोणाचा डोळा लागत नाही. अशा दिवसांत या माणसांनी सोप्यातील खाट माझ्यासाठी रिकामी केली.

निघण्याच्या आदल्या रात्री मी सासऱ्यांना म्हणालो, "तुम्ही सर्वांनी फार केलेत." त्यावर ठरलेले उत्तर आले, "पावणं, आभार कसलं मानताय, परकं करताय व्हय आम्हाला?" विषय तिथेच मिटला. देवापाशी ठेवलेले पैशांचे पाकीटही सासूबाईंनी सकाळी माझ्या पत्नीच्या ओटीत घालून परत केले. (पैसे ठेवणे ही माझीच चूक होती. त्याऐवजी एखाद्या महिन्याचा किराणा आधीच भरला असता, तर कोणी काही बोलले नसते.)

माझे मत असे की आपल्याकडे आभार घरच्या कर्त्याचे मानले जातात, राबलेले असते मात्र दुसरेच कोणीतरी. आणि "फार केलेत" या शब्दांत नेमके काय केले ते नसल्यामुळे ते झटकणेही सोपे जाते.

सासुरवाडीत राबल्या त्या मेहुण्याच्या पत्नी. दुसऱ्या आठवड्यात ओल्या शहाबादी फरशीवर माझ्या वॉकरचा पाय सरकला आणि मी भिंतीला धरून कसाबसा सावरलो. त्यानंतर मला फरशी कधी ओली दिसलीच नाही. पाचव्या आठवड्यात एकदा पहाटे जाग आली, तेव्हा वहिनी अंधारातच फरशी पुसत होत्या. मी सहा वाजता उठेपर्यंत ती वाळावी, म्हणून त्यांनी पुसण्याची वेळ पाचवर आणली होती. त्यानंतर मजुरांच्या भाकरी आणि मग दिवसभर शेडवर बेदाणा निवडणे होतेच. याबद्दल त्या कोणाजवळ अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. मेहुण्यालासुद्धा ठाऊक नव्हते.

म्हणून निघताना, गाडीत बसण्यापूर्वी, सर्वांसमोर मी एवढेच म्हणालो, "वहिनी, तुम्ही दीड महिना पहाटे पाचला उठून फरशी पुसलीत, म्हणून मी पुन्हा घसरलो नाही." यावर परकेपणाची गोष्ट कोणी काढली नाही. सासरे सुनेकडे पाहत राहिले. वहिनींनी पदर सारखा केला, आतून बेदाण्याची पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारले, "तुम्हाला कधी दिसलं?"