नव्या पोराला जोडीदार देताना

आमच्या कुपवाड एमआयडीसीत नवा पोरगा तासावर लागला की सुपरवायझर लांबूनच ओरडतो, "मामा, याला जरा बघा." झाला जोडीदार नेमून! मामा शॉपमधले सगळ्यांत जुने, हात सगळ्यांत जलद. माझ्या मते पहिल्या आठवड्याला याहून चुकीचा माणूस नाही. मामांचा हात आपोआप चालतो, तो कसा चालतो हे त्यांना सांगता येत नाही. शिवाय त्यांना दोनदा विचारायची पोराची छाती होत नाही.

मी त्याच मशीनवर, त्याच पाळीत वर्ष-दीड वर्ष काढलेला माणूस घेतो. आपण कुठं अडखळलो होतो हे त्याला अजून आठवतं. जतकडचा पोरगा घरी कन्नड बोलणारा असेल तर जोडीदारही कन्नड येणारा. आणि त्याला आधी विचारतो. नको म्हणाला तर नको.

खरी मेख पैशात आहे. ड्रिलिंगला तासाला 25 नग धरले तर आठ तासांचे 200, आणि इन्सेंटिव्ह त्यावरच. शिकवत बसला की नग घटणार, म्हणजे शिकवायचा दंड त्याच्याच खिशातून. म्हणून त्या आठवड्यात टार्गेट उतरवायचं: पहिले दोन दिवस 120, मधले दोन 150, शेवटचे दोन 180. इन्सेंटिव्ह मात्र मागच्या महिन्याच्या सरासरीनं द्यायचा. तरीही पहिल्या दिवशी त्यानं 200 काढले तर शाबासकी देऊ नका. नवा पोरगा दिवसभर कोपऱ्यात नुसता उभा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आदल्या दिवशी जोडीदाराला मशीनपाशीच पंधरा मिनिटं सांगतो. सुरुवात पंचिंगपासून. बोट लावल्यावर स्क्रीनवर नाव आलं का, हे पोराला बघायला लावायचं. पहिल्याच पगारात चार तास कमी दिसले की तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये कामाला लागलेला असतो. मग ड्रिल. चालू ड्रिलवर हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की हात आत ओढला जातो. चिप काढायची ती ब्रशनं, मशीन थांबवून. पहिले दोन दिवस पोरानं एकट्यानं मशीन चालू करायचं नाही. जोडीदार पाणी प्यायला गेला तरी मशीन बंद.

त्याच्याकडून चहाडी मात्र मागत नाही. "पोरगा टिकेल का?" हे बघणं माझं काम. धोक्याचं काही दिसलं तर तेवढं लगेच कळवायचं.

तिसऱ्या दिवशी पोराला एकट्याला गाठून विचारतो, "ड्रिल तुटलं तर काय करशील?" "मशीन बंद करून दादाला हाक मारीन," म्हणाला तर ठीक. "दुसरं बसवीन," म्हणाला तर जोडीदाराला पुन्हा पंधरा मिनिटं.

आणि एकाला एकच. चार पोरं एकदम आली अन् जोडीदार दोनच असले, तर उरलेल्या दोघांना पुढच्या आठवड्यात या म्हणतो. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.