आभाराच्या मजकुरात माणसांची यादी नको, कामं लिहा

घरातलं माणूस गेल्यावर दिवसकार्य आटपतं आणि मग कोणीतरी म्हणतं, "आता सगळ्यांचे आभार मानून एक पोस्ट टाक." लिहायला बसलं की जुनाच साचा हाताशी येतो: परमपूज्य, प्रेमळ, मनमिळाऊ, अल्पशा आजाराने, आणि खाली सरपंचांपासून सुरू होणारी वीस-पंचवीस नावांची यादी. शेवटी "नजरचुकीने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व."

माझं मत स्पष्ट आहे. ही यादी काढून टाका.

कोकणातल्या वाडीत मेल्यामरणाला येणारी माणसं दोन-चार नसतात. सांगावा गेला की अर्धी वाडी खळ्यात उभी असते. त्यातली वीस नावं लिहिलीत म्हणजे उरलेल्यांना तुम्ही नाव घेऊन वगळलंत. ज्याचं नाव राहतं तो बहुतेक वेळा मागच्या दारी काम करणारा असतो, कारण पुढे खुर्चीवर बसलेला लक्षात राहतो आणि लाकडं फोडणारा राहत नाही. त्यात क्रम लागतो, तो वेगळाच. आधी पद, मग पैसा, मग भावकी, आणि वाडीतली माणसं "आदी मान्यवर" मध्ये. क्षमस्व लिहून हे भरून निघत नाही. भावकीत अशी गोष्ट पुढच्या गणपतीपर्यंत सहज पुरते.

त्याऐवजी कामं लिहावीत. कोणी केलं ते नाही, काय केलं ते. ज्याने केलं तो वाचून स्वतःला ओळखतो, आणि ज्याने काही केलं नाही त्याचा अपमानही होत नाही.

उदाहरण घेऊ. देवगड तालुक्यातली एक वाडी, जुलै महिना, म्हातारे वडील राहत्या घरी संध्याकाळी गेले. मुलगे मुंबईला, ते पोचणार सकाळी. म्हणजे रात्रभर कोणीतरी बसायला हवं. पाऊस थांबत नाही, म्हणजे सुकी लाकडं हवीत, आणि ती ज्याच्या खोपीत आहेत त्याने स्वतःची पावसाळ्याची बेगमी मोडून द्यायला हवीत. स्मशानाकडे गाडी जात नाही, पाणंद निसरडी, म्हणजे खांदेकरी दर थोड्या अंतरावर बदलायला हवेत. घरात चूल पेटणार नाही, म्हणजे पिठलं-भात शेजारून येणार. ही सगळी कामं कोणी न सांगता झालेली असतात. नेहमीच्या साच्यात यातलं एकही दिसत नाही, दिसतं ते फक्त "मोलाचे सहकार्य".

आता या घराचा मजकूर असा होऊ शकतो:

"आमचे वडील कै. (पूर्ण नाव) यांचे ९ जुलै रोजी राहत्या घरी निधन झाले. भर पावसात ज्यांनी आपल्या खोपीतली सुकी लाकडं काढून दिली, पाणंदीतून खांदा दिला, ज्या आयाबहिणी रात्रभर आईजवळ बसून राहिल्या आणि आमची चूल बंद असताना ज्यांच्या घरून जेवण आलं, त्या वाडीतल्या आणि भावकीतल्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. लांबून फोन व संदेश करून धीर देणाऱ्या नातेवाइकांचे आणि मित्रमंडळींचेही मनापासून आभार."

साठेक शब्द झाले. याहून फार वाढवायची गरज नसते. वाढायला लागला की समजावं, मजकूर आभाराकडून चरित्राकडे सरकतोय. वडिलांविषयी लिहायचं असेल तर ती वेगळी पोस्ट करा, घाई नसते.

यात "अल्पशा आजाराने" नाही हेही बघा. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दलही सवयीने हेच छापलं जातं, आणि ज्या सुनेने ती दोन वर्षं काढली ती ते वाचते. आजाराचा तपशील द्यायचा नसेल तर "निधन झाले" एवढं पुरे. "दुःखद" सुद्धा लागत नाही.

नावाआधी काय लिहायचं, यात गडबड होते. नवरा हयात असताना बाई गेली तर "कै. सौ.", नवऱ्यामागे गेली तर "कै. श्रीमती". माळकरी घरात "वै." लिहितात, म्हणजे वैकुंठवासी. घरात जे चालत आलंय ते थोरल्या माणसाला विचारून घ्यावं. आणि "शोकाकुल" हा शब्द निधनाच्या बातमीखालचा. आभाराखाली "आपले ऋणी" किंवा नुसतं कुटुंबाचं नाव शोभतं. सही करताना आधी आई, मग सगळी भावंडं, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. फक्त थोरल्या मुलाचं नाव टाकायची पद्धत आहे खरी, पण शेवटचे महिने बापाला सांभाळायला माहेरी येऊन राहिलेली मुलगी त्या खाली नसेल तर सगळा मजकूर खोटा वाटतो.

वेळ महत्त्वाची. पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आभार टाकतात आणि त्यातच बाराव्याची तारीख घालतात. हे दोन्ही वेगळं ठेवा. उत्तरकार्याचं निमंत्रण आधी, तारीख, वेळ आणि ठिकाण एवढंच. आभार तेरावा झाल्यावर. बाराव्याचा स्वयंपाक, पानं, पाणी हे पुन्हा त्याच माणसांच्या अंगावर असतं. काम अर्धं बाकी असताना आभार मानले की ते उरकल्यासारखे वाटतात. महिन्याच्या आत टाकले म्हणजे झालं.

पोस्ट टाकल्यावर खाली शंभरभर "भावपूर्ण श्रद्धांजली" येतात. प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत बसू नये. ज्याने वडिलांची एखादी आठवण लिहिली असेल त्याला मात्र दोन ओळींचं वेगळं उत्तर द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर एक लक्षात घ्या: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. गावचे बरेच जण त्यात मोडतात, कारण त्यांच्याकडे नंबर होता तो वडिलांचा.

काही आभार जाहीर करायचेच नसतात. कोणी खर्चाला पैसे दिले, कोणी तांदूळ-नारळ आणून टाकले, ते वहीत लिहून ठेवावं आणि त्यांच्या घरी अडीनडीला पोचतं करावं. फेसबुकवर "आर्थिक मदत करणाऱ्यांचे आभार" लिहिलं की देणाराही अवघडतो आणि न देणाराही. रात्री दोन वाजता उठून आलेल्या डॉक्टरांना किंवा गाडी काढणाऱ्याला स्वतंत्र फोन करावा. आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना छापील आभाराचं काही नसतं. त्यांच्या ओट्यावर जाऊन दहा मिनिटं बसलं की त्यांना कळतं.

आता मुंबईकरांसाठी एक सूचना. मजकुराच्या शेवटी "आम्ही अमुक तारखेला मुंबईस परत जात आहोत, तत्पूर्वी भेटावे" असं घालायची सवय आहे. पोस्ट सार्वजनिक असेल तर त्या तारखेनंतर घर बंद आहे, हे तुम्ही अख्ख्या जगाला सांगताय. भेटीचे दिवस फोनवर कळवा. पोस्ट मित्रांपुरती ठेवा, आणि आईचा फोन नंबर मजकुरात घालू नका.