नव्या सहकाऱ्याची ओळख जुन्या माणसानेच करून द्यावी

बडोद्यात दांडिया बाजारात आमचे जीएसटी सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. मागील वर्षी एक नव्या सहकारी रुजू झाल्या, तेव्हा आम्ही ग्राहकांना दोन ओळींची ईमेल पाठवली: "आमच्या चमूत नव्या सदस्या आल्या आहेत, कृपया सहकार्य करावे." ती ईमेल पाठवली त्या बाईंनीच, त्यांच्या नव्या पत्त्यावरून, महिन्याच्या १८ तारखेला.

२० तारखेला, म्हणजे मासिक जीएसटीआर-३बी भरण्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी मकरपुऱ्यातील एका कारखानदाराला फोन करून ओटीपी मागितला. विवरणपत्र ओटीपीने भरायचे असेल, तर तो अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या नोंदणीकृत मोबाइलवर येतो. अनोळखी नंबर, अनोळखी आवाज आणि थेट ओटीपीची मागणी, म्हणून त्यांनी नकार दिला. माझ्या मते त्यांनी अगदी योग्य केले. विवरणपत्र दुसऱ्या दिवशी भरले गेले. दिवसाचे ५० रुपये विलंब शुल्क आणि व्याज आम्ही सोसले, पण त्यांच्या मनातला संशय दूर करायला कितीतरी अधिक वेळ लागला.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की अशी ईमेल ग्राहक ज्याला ओळखतो त्याने, त्याच्या नेहमीच्या पत्त्यावरून पाठवावी आणि प्रतीमध्ये नव्या सहकाऱ्याला ठेवावे. फसवणूक करणारेही "यापुढे माझ्याशी संपर्क साधा" असेच लिहितात. ग्राहकाने खरेखोटे ओळखावे तरी कशावरून? म्हणून आता आमच्या पत्राचा गाभा असा असतो:

"१ तारखेपासून आपल्या विक्री-खरेदीच्या नोंदी आणि मासिक विवरणपत्रे या पाहतील. नोटिसा आणि कर-सल्ला पूर्वीप्रमाणेच माझ्याकडे राहील. त्यांचा थेट नंबर व ईमेल खाली दिला आहे. वेळ सकाळी १० ते ६. विवरणपत्र भरताना ओटीपी लागेल तेव्हा आपल्याला आधी माझा फोन येईल. आमचे बँक खाते बदललेले नाही. शंका आल्यास माझ्या जुन्या नंबरवर विचारून घ्यावे."

"सहकार्य करावे" या शब्दांतून ग्राहकाला काहीच कळत नाही. कोणते काम कोणाकडे गेले आणि कोणते गेले नाही, हे लिहिले नाही तर तो सवयीने जुन्याच माणसाला बिले पाठवत राहतो, आणि ती जीएसटीआर-१ च्या ११ तारखेपर्यंत योग्य टेबलावर पोहोचत नाहीत. म्हणून ही ईमेल आम्ही महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच पाठवतो, मुदतीच्या धामधुमीत कधीच नाही.

सर्व ग्राहकांचे पत्ते एकाच ईमेलमध्ये उघडे ठेवणे तर पूर्णपणे टाळावे. कोणी "सर्वांना उत्तर" दाबले, तर एकाची उलाढाल त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकते. आम्ही आता प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल पाठवतो, आणि ज्यांच्याकडून दोन दिवसांत पोच येत नाही त्यांना मी स्वतः फोन करून त्याच फोनवर नव्या सहकाऱ्याशी बोलणे करून देतो.