आजींच्या हनुवटीवरचं गोंदण

आज संध्याकाळी नौपाड्यातल्या एका छोट्या फोटो स्टुडिओचा वर्धापनदिन होता. दुकानासमोर मांडलेल्या खुर्च्या, पेढे आणि मालक काकांचं छोटंसं भाषण. विषय एकच: चेहरा आहे तसा जपा, सुधारायला जाऊ नका. टाळ्या झाल्या, ग्रुप फोटो झाला, आणि तो मॉनिटरवर येताक्षणी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एक बाई ऑपरेटर मुलाला म्हणाल्या, "सगळ्यांना जरा गोरं कर, आणि माझ्या गालावरचा हा डाग काढ." तो डाग नव्हता, तीळ होता. मुलानेही काही न विचारता ब्रश फिरवला. घरी येईपर्यंत डोकं शांत झालं नाही, म्हणून लिहितोय.

काकांनी भाषणात सांगितलेलं एकच काम बघा. एका घरातून आजींचा फोटो आला होता, वर्षश्राद्धाला लावायचा म्हणून मोठा करून हवा होता. अडीच बाय तीन इंचांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट, त्यात चेहरा जेमतेम १८ मिलिमीटर उंच, वर बुरशीचे ठिपके आणि एक आडवी घडी. फ्रेम १० बाय १२ ची, म्हणजे चौपट. स्कॅन १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल घेऊन, केला की चौपट मोठा करूनही प्रिंटला ३०० डीपीआय मिळतात, तेवढे पुरतात. इथवर सगळं बरोबर होतं.

चूक पुढे झाली. ऑपरेटरने स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत, घेतला आणि 'डस्ट अँड स्क्रॅचेस' फिल्टर १५ पिक्सेल रेडियसने अख्ख्या चेहऱ्यावरून फिरवला. हा फिल्टर धूळ ओळखत नाही. ठरलेल्या मापापेक्षा लहान आणि आजूबाजूच्या टोनपेक्षा वेगळं दिसेल ते सगळं तो आसपासच्या टोनने भरून टाकतो. आजींच्या हनुवटीवर गोंदण होतं. प्रिंटवर एकेक ठिपका साधारण ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे त्या स्कॅनमध्ये १९ पिक्सेल, १५ च्या रेडियसने होणाऱ्या ३० पिक्सेल रुंदीपेक्षा लहानच. बुरशी गेली तसं गोंदणही गेलं, आणि गालावरचे देवीचे वणही. घरच्यांनी फोटो बघितला. आई वाटत नाही म्हणाले, पण काय चुकलंय ते कुणालाच सांगता येईना. शेवटी थोरल्या सूनबाईंच्या लक्षात आलं.

माझा संताप नेमका इथे आहे. हे ओळखणं अवघड नाही हो. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त करायची इच्छा पाहिजे.

काकांनी तेच काम पुन्हा कसं केलं ते ऐका. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीत घेतला, स्कॅनरची सगळी ऑटो सुधारणा बंद ठेवून. मग रंगीत स्कॅन ज्यांनी बनतो ते लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडून पाहिले. बुरशीचा किंवा ओलीचा डाग पिवळट-तपकिरी असतो, त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये तो गडद दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. गोंदण मात्र फोटोच्याच करड्या रंगात उमटलेलं असतं, ते तिन्ही चॅनलमध्ये सारखंच दिसतं. आजींच्या हनुवटीवर एकूण चार ठिपके दिसत होते. तीन सगळीकडे टिकले, चौथा लाल चॅनलमध्ये पुसट झाला. म्हणजे गोंदण तिनाचं, चौथा बुरशीचा. ग्रेस्केल स्कॅनमध्ये ही ओळखच उरत नाही, कारण तीन चॅनल एकात मिसळून गेलेले असतात.

तरी खात्री नसेल तर मूळ प्रिंट टेबल लॅम्पखाली तिरपा धरा. ओरखडा किंवा सुटलेलं इमल्शन, म्हणजे कागदावरचा चित्राचा थर, पृष्ठभागावर खड्डा होऊन किंवा चमकून दिसतं. तीळ, वण, गोंदण हे चित्रात असतं, पृष्ठभागावर नाही, म्हणून तिरप्या उजेडात तिथे काहीच दिसत नाही. भिंगातून कडाही बघा. प्रिंटला झालेल्या इजेची कड बहुतेक वेळा धारदार असते. गोंदणाची कड मऊ असते, त्याच फोटोतल्या पापण्यांइतकीच, कारण दोन्ही एकाच लेन्समधून आलेलं असतं. आणि दुसरा एखादा फोटो असेल तर प्रश्नच मिटतो. दोन वेगळ्या फोटोंत एकाच जागी असलेली खूण धूळ असूच शकत नाही.

बरं, लग्नाच्या अल्बममध्ये नवरीची पुटकुळी काढू नये असं कुणी म्हणत नाही. पुटकुळी पंधरा दिवसांनी आपोआप जाते, ती काढा. स्वतःच्या फोटोत कुणाला काय हवं तो त्याचा हक्क, हेही मान्य. पण आजींना विचारता येत नाही ना आता.

गोरं करण्याचंही तसंच. जुना प्रिंट फिकट झालेला असतो, म्हणून लेव्हल्स वापराव्या लागतातच, म्हणजे फोटोतला पूर्ण काळा कुठे आणि पूर्ण पांढरा कुठे ते ठरवावं लागतं. पण हा काळा आणि पांढरा बिंदू चेहऱ्यावर ठरवायचा नसतो. काळा बिंदू केसांतल्या किंवा मानेखालच्या सावलीत शोधायचा, पांढरा एखाद्या पांढऱ्या कपड्यावर, आणि चेहरा जिथे येईल तिथे येऊ द्यायचा. त्या पहिल्या फोटोत पांढरा बिंदू कपाळावर धरला होता, म्हणून आजी पिठात तोंड बुडवल्यासारख्या दिसत होत्या. गाल आणि नाकपुडीमधली सावली उडाली, आणि चेहऱ्याची ठेवण त्या सावलीतच असते.

घडी डाव्या डोळ्यावरून गेली होती. अशा वेळी उजवा डोळा उलटा करून डावीकडे चिकटवायची पद्धत आहे. कृपा करून करू नका. दोन्ही डोळे कधीच सारखे नसतात, आणि बुबुळातली उजेडाची चमक उलट्या बाजूला जाते. माणूस ओळखीचा वाटत नाही तो यामुळेच. काकांनी रिकाम्या लेयरवर, घडीपेक्षा जेमतेम रुंद हीलिंग ब्रशने, घडीलगतचाच नमुना घेत थोडं थोडं भरलं. पापणीची एक कड मिळाली नाही, ती तशीच धूसर ठेवली. घरच्यांना ते सांगितलंही. त्यांना चाललं. दुसऱ्यांदा फोटो हातात घेतल्यावर मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही, असं सांगताना काकांचाही आवाज जरा बसला होता. माझा अर्धा राग तेव्हाच गेला होता, तो त्या तिळाने परत आणला.

ऑपरेटर मुलांना दिवसाला ढीगभर कामं असतात, पैसे कमी मिळतात, हे खरं आहे. म्हणून निदान फोटो देणाऱ्यांनी एवढं करा. व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, मूळ प्रिंट घेऊन जा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, इमल्शन काचेवरच राहील. फ्रेमसकट न्या, काचेतूनच कॅमेऱ्याने कॉपी करता येते. माणसाच्या चेहऱ्यावर तीळ, वण, गोंदण, काय कुठे होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहून द्या. आणि काम झालं की टचिंग न केलेल्या रंगीत स्कॅनची टिफ फाईल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे काही चुकलंच तर काम पुन्हा पहिल्यापासून करता येईल.