रातपाळीच्या ऑपरेटरनं फीडर बंद केला, कारण…

काही लोक म्हणतात: "रात्री सव्वाच्या सुमारास शिरोलीतल्या भट्ट्यांची लाईट घालवली. ट्रान्सफॉर्मरला काय बी झालं नव्हतं, नुसता अलार्म वाजला आणि ऑपरेटर घाबरला. खरंच धोका असता तर तो आपोआप ट्रिप झाला नसता का? आणि बंदच करायचं होतं तर गावाची लाईन का नाही केली? सकाळी जाऊन बघा, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे!"

त्या रात्रीची लॉगशीट मी वाचली आहे. उपकेंद्रात दहा एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, आणि तिथून पाच फीडर, म्हणजे वेगवेगळ्या भागांच्या लाईन निघतात. एक दुरुस्तीसाठी बंद होता, सगळा भार दुसऱ्यावर. 11 केव्ही बाजूला त्याची पूर्ण क्षमता 525 अँपिअर. रात्री 12:40 ला वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तांब्याच्या गुंडाळ्यांचं, तापमान 95 अंश झालं आणि अलार्म आला. एक वाजता काटा 98 वर होता, भार 560 अँपिअर.

आधी अलार्मचं बोलू. वाइंडिंगच्या मीटरचा बल्ब वाइंडिंगमध्ये नसतो, तो वरच्या गरम तेलात असतो. सीटी, म्हणजे करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, भाराच्या प्रमाणात करंट घेऊन एक छोटा हीटर त्यात वाढीव उष्णता घालतो, म्हणजे काटा वाइंडिंगचा अंदाज दाखवतो. म्हणून नुसता हा काटा चढला आणि तेल, भार दोन्ही जागेवर असतील, तर मीटरवर शंका घ्यायची. इथं तेलाचा मीटर वीस मिनिटांत 79 वरून 81 वर गेला होता, अँपिअरही वाढत होते. ऑपरेटर टॉर्च घेऊन यार्डात गेला, प्रत्येक पंख्यासमोर हात धरून वारा लागतोय का पाहिलं. सगळे पंखे चालू होते. थंड करायचं जे साधन होतं ते पूर्ण वापरात होतं. हातात उरला होता फक्त भार.

ट्रिप होईपर्यंत थांबायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. ट्रिप 105 ला लावलेली होती. वीस मिनिटांत तीन अंश, या चालीनं पाऊण तासात ती आलीच असती. पण ट्रिप करणारा रिले फीडर निवडत नाही. तो अख्खा ट्रान्सफॉर्मर सोडवतो: पाचही फीडर, त्यात दवाखाना आणि पाणीपुरवठ्याचे पंप. दुसरा ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे तापलेला थोडा निवेपर्यंत सगळा भाग अंधारात. आणि भट्टीवाल्यांना मात्र एका सेकंदाचीही सूचना नाही. वितळलेला माल भट्टीतच थिजायला लागला तर अस्तरासकट नुकसान होतं, आणि भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी बंद पडलं तर आणखी मोठं.

ऑपरेटरनं ड्युटीवरच्या इंजिनिअर साहेबांना कळवलं, मग भट्टीवर फोन लावला. "दादा, भट्टीत माल किती हाय? वीस मिनिटं देतो, ओतून घ्या. पाण्याचा पंप जनरेटरवर घ्या. 1:20 ला फीडर काढतोय." माल ओतला गेला, आणि मग फीडर निघाला. घाबरलेला माणूस वेळेचा असा हिशेब करत नाही.

गावाची लाईन का नाही? रात्री एक वाजता गावाच्या एका फीडरवर चाळीस-पन्नास अँपिअर असतात. तेवढाच भार कमी करायला तीन गावं अंधारात टाकावी लागली असती. भट्ट्यांचा एक फीडर 130 अँपिअरचा होता. 560 चे 430 झाले. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानुसार घटते, म्हणून करंट चौथा हिस्सा उतरला तरी ती चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते.

राहिला सकाळच्या ठणठणीतपणाचा मुद्दा. तांब्याच्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. साध्या इन्सुलेशन कागदासाठी 98 अंश ही पायरी मानतात. तिच्यावर दर 6 अंशांना त्याची झीज साधारण दुप्पट होते. 104 ला दुप्पट, 110 ला चौपट. तेल गाळता येतं, बदलता येतं. कागद बदलायचा तर वाइंडिंग बाहेर काढून नव्यानं गुंडाळावं लागतं. एका रात्रीत ट्रान्सफॉर्मर जळाला नसता हे मी मान्य करतो. पण झीज साठत जाते, आणि पुढे कधीतरी दूर कुठं शॉर्ट झाला की ठिसूळ झालेला कागद तो धक्का सोसत नाही.

"काटा लगेच खाली आला, मग पहाटेपर्यंत बंद का ठेवलं?" असंही काहींनी विचारलंय. 1:20 ला काटा 100 वर होता, 1:40 ला 92 वर. वाइंडिंग मिनिटांत निवतं, तेलाला मात्र तास लागतात. 1:40 ला तेल अजून 81 वर होतं. तेव्हा फीडर जोडला असता तर वीसेक मिनिटांत काटा पुन्हा अलार्मच्या वर गेला असता. चार वाजता तेल 71 वर आलं, बाहेरची हवाही गार झाली होती, तेव्हा त्यानं भट्टीवर पुन्हा फोन केला आणि फीडर चालू केला.